बाळंतविड्याच्या कॅप्शनची पहिली ओळ

विहिणीबरोबर धंदा करू नये, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. माझी धाकटी बहीण तर म्हणाली, विहिणीला वर्षातून दोनदा भेटावं, साडी द्यावी, साडी घ्यावी आणि गाडीत बसावं. मी ऐकलं नाही. करू नको म्हटलं की माझे हात शिवशिवायला लागतात, हा माझा जुना आजार आहे.

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते आणि घरून डिंकाचे लाडू विकते. बाळंतिणींसाठी. सोबत बाळंतशोपही करते, म्हणजे बडीशेप, तीळ, ओवा, सुकं खोबरं वगैरे भाजून. अन्न परवाना काढला आहे, त्याचा नंबर प्रत्येक डब्याच्या लेबलवर छापते, फोटोंच्या त्या ॲपवर माझं एक पेज आहे, आणि पेजला नावही आहे. ते इथे सांगत नाही, नाहीतर म्हणाल बाई आठवणी लिहिते आणि मध्येच लाडू खपवते.

विहीणबाई सटाण्याच्या. त्यांच्या घरी कांद्याचा व्यापार, माणसांचा राबता, दिवसभर चहाचं आधण चुलीवर. त्यातून वेळ काढून त्या लहान बाळांची दुपटी शिवतात. नवी मलमल आणायची, ती धुऊन धुऊन मऊ करायची आणि मग हाताने बारीक धावदोरा घालायचा. त्यांची कुंची तर बघत राहावी अशी असते. डोक्यावर टोपीसारखी बसते आणि मागे पाठीवर झुलते, कडेला लाल पट्टी. त्यांच्या भाचीने त्यांनाही एक पेज काढून दिलं होतं, पण त्या ते उघडत नसत. गिऱ्हाईक दारात आलं तर आलं, नाहीतर दुपटी कपाटात.

त्यांचा एकुलता एक मुलगा म्हणजे आमचे जावई आणि आमची एकुलती एक मुलगी म्हणजे त्यांची सून. दोघं नाशिकलाच पाथर्डी फाट्याजवळ राहतात. मुलगी सातपूरच्या एका कंपनीत हिशेब बघते. आकडे, टाचण्या, फायली सगळं जागच्या जागी ठेवणारी आहे. माझ्यावर गेलेली नाही, देवाची कृपा.

एका डिसेंबरात विहीणबाई डोळे तपासायला नाशिकला आल्या आणि आमच्याकडे उतरल्या. स्वयंपाकघरात मी लाडू वळत होते, त्या ओट्याशी स्टूल ओढून दोऱ्याचा गुंता सोडवत बसल्या होत्या. तेवढ्यात पुण्याच्या एका बाईचा फोन आला. तिची मुलगी बाळंत झाली होती, लाडू हवेच होते, पण कुंची कुठे मिळेल हो, असं ती रडकुंडीला येऊन विचारत होती. हल्ली कुणाच्या घरी कुंची शिवणारं माणूस उरलेलं नाही. मी फोन ठेवला आणि विहीणबाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. दोघींच्या डोक्यात एकच गोष्ट आली.

बाळंतविडा. मुलगी बाळंत झाली की माहेरहून तिच्यासाठी आणि बाळासाठी जे पाठवतात ते. बाळाला दुपटं, झबलं, कुंची, आणि आईला लाडू, शोप. विहीणबाईंच्या हातचं आणि माझ्या हातचं एकाच खोक्यात. ठरलं की एकवीस संच करायचे, जास्त नाहीत. एकवीसच का, तर विहीणबाईंच्या नव्या चष्म्याला तेवढंच झेपेल असं त्याच म्हणाल्या. मर्यादित संख्या म्हटलं की लोकही लवकर घेतात, हे मी पेजवरून शिकले होते.

आता खरी गोष्ट सांगते, जी त्या दिवशी आम्ही दोघींनीही तोंडातून काढली नाही. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या मुलीला दिवस गेले होते आणि पाचव्या महिन्यात ते गेलं. दवाखान्यातून ती माझ्याकडेच आली होती. मागच्या खोलीत पडून असायची, भिंतीकडे तोंड करून. येणारे जाणारे कुजबुजत बोलायचे. विहीणबाई सटाण्याहून आल्या, तिच्या पायाशी बसल्या, तिचे पाय चेपले आणि काही न बोलता परत गेल्या. त्यानंतर आमच्या दोन्ही घरांत बाळ हा शब्दच बंद झाला. दुसऱ्यांची बारशी असली की आम्ही तिला कळवायचोसुद्धा नाही.

म्हणून हे बाळंतविड्याचं तिला कुणी सांगायचं, हा प्रश्न होता. विहीणबाई म्हणाल्या, "बघू ना, सांगू." मीही म्हटलं बघू. त्या सटाण्याला गेल्यावर मला वाटलं, सासूने सांगितलं असेल, त्यांचं रोज रात्री बोलणं होतं. त्यांना वाटलं, आईनेच सांगायला हवं, तिने सांगितलं असेल. दोघींनी एकमेकींवर टाकलं आणि घोडं पेंड खात राहिलं. एरवी पेजवर काही टाकायचं तर मुलगीच मला लिहून द्यायची. या वेळी तिला त्रास नको म्हणून सगळं मीच करायचं ठरवलं.

संच तयार झाले. सटाण्याहून ओळखीच्या माणसाबरोबर एसटीने दोन मोठी गाठोडी आली. मी बाल्कनीत पाट मांडला, त्यावर दुपटं पसरलं, मधोमध कुंची, एका बाजूला झबलं, दुसऱ्या बाजूला लाडू आणि शोपेची बाटली. सकाळच्या उन्हात फोटो असा आला की माझी मलाच दृष्ट लागेल. आणि मग बसले कॅप्शन लिहायला.

माझं तिथेच चुकलं. त्यात दुकानदारीची अक्कल कमी पडली असती तरी चाललं असतं. माझी मुलीची आई असण्याची सवय नडली. लग्नात मुलाच्या आईचा मान आधी. बसायला पाट त्यांना, पहिलं हळदीकुंकू त्यांना, पत्रिकेत नाव त्यांचं वर. आणि इथे तर ॲपचा नियम असा की दोघींच्या नावाने एकच पोस्ट टाकायची असेल तर जी टाकते तिच्या पेजचं नाव आधी दिसतं आणि दुसरीला आमंत्रण जातं. तिने ते स्वीकारलं की मग तिचं नाव मागून लागतं आणि पोस्ट दोन्ही पेजांवर दिसते. म्हणजे माझं नाव पुढे, विहीणबाईंचं मागे! मला घामच फुटला. सटाण्याची माणसं म्हणतील, लाडूवालीने मान घेतला आणि आमच्या बाईला मागे टाकलं. उद्या माझ्या मुलीला त्या घरात चार शब्द ऐकावे लागतील. तिथे कुणी आजवर तिला वेडंवाकडं बोललेलं नाही, पण मुलीच्या आईचं मन कुठे शहाणं असतं?

म्हणून मी वर ॲपने केलेला अपमान खाली कॅप्शनमध्ये भरून काढायचा ठरवला. लिहिलं, आमच्या मानाच्या विहीणबाई, सटाणा, आणि मी, नाशिक, आम्ही दोघी अत्यंत आनंदाने कळवतो की. आणि मग दोन ओळी मोकळ्या सोडल्या, पत्रिकेत सोडतात तशा. त्याखाली सगळं व्यवस्थित होतं. दुपटं कुणाचं, लाडू कुणाचे, एकवीसच संच, ऑर्डर कुठे द्यायची, घ्यायला कुठे यायचं. नमनाला घडाभर तेल ओतलं आणि दिवा खाली ठेवला. कारण त्या ॲपवर कॅप्शनच्या वरच्या ओळीच तेवढ्या दिसतात. उरलेलं वाचायला 'आणखी' वर बोट ठेवावं लागतं. आणि बोट ठेवायला आपल्या नातेवाइकांना वेळ नसतो, त्यांना अंगठा दाखवून पुढे जायचं असतं.

मी पोस्ट टाकली आणि विहीणबाईंना फोन केला की आमंत्रण स्वीकारा. त्यांना ते काही सापडेना. मी सांगत होते तिकडे दाबा, त्या म्हणत होत्या, कुठे आहे ते, मला तर नुसती घंटा दिसते. शेवटी त्यांनी आपल्या परीने मार्ग काढला. फोनच्या पडद्याचा फोटो काढला, म्हणजे आमचा कुंचीचा फोटो आणि खाली अत्यंत आनंदाने कळवतो की, आणि तो लावला स्टेटसला. वर घरच्या ग्रुपवरही टाकला. आपल्या सुनेच्या आईने आपल्याला मानाच्या म्हटलंय, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. त्याबद्दल मी त्यांना आजही दोष देत नाही, मला उलट तेव्हा फार बरं वाटलं होतं.

दुपारपर्यंत अभिनंदनांचा पाऊस. खूप खूप अभिनंदन. गोड बातमी. लवकरच पेढे. देवाने ऐकलं हो. मी लाडू ठेवायच्या कागदी वाट्या मोजत बसले होते आणि एका हाताने प्रत्येकीला उत्तर देत होते. धन्यवाद. तुमच्या सदिच्छा असू द्या. सगळं आशीर्वादाने. एकीने लिहिलं, आता आजीबाई होणार तुम्ही, तर मला वाटलं माझ्या वयाची थट्टा करतेय. मी तिला हसऱ्या तोंडाचं चित्र पाठवलं. अहो, माझ्या मनात फक्त धंदा होता. माझ्या डोळ्यांना ते खोकं दिसत होतं. त्यांना दोन विहिणी, एक कुंची आणि आनंदाची बातमी दिसत होती. आणि यात काहीच चुकीचं नव्हतं, मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच समजले असते.

जावयांच्या आत्याचा फोन आला तेव्हा मला उमगलं. मालेगावला असतात त्या. कितवा महिना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कशाचा? त्या म्हणाल्या, सुनेचा, कशाचा काय. आपण सुनेला लगेच फोन लावला होता, असंही त्या म्हणाल्या, पण ती म्हणाली नंतर बोलते आणि ठेवलाच. कामात असेल बिचारी, आणि जपा तिला या वेळी.

आत्याबाईंना काय सांगितलं ते आठवत नाही. फोन ठेवून मी कॉमेंट पुन्हा वाचल्या, या वेळी नीट, आणि त्यांच्याखालची माझी उत्तरंही वाचली. सगळं आशीर्वादाने. मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. मुलीला फोन लावला तर तिने कट केला. पुन्हा लावला, पुन्हा कट. विहीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मना पोरीले काय वाटनं व्हई." त्या माझ्याशी नेहमी शुद्ध बोलायचा प्रयत्न करतात, त्या दिवशी त्यांची अहिराणी आपोआप बाहेर आली.

संध्याकाळी कंपनी सुटल्यावर मुलगी सरळ माझ्याकडे आली. मी दार उघडलं. मला वाटलं ही ओरडेल, निदान रडेल. मी तिच्या जागी असते तर भांडी फेकली असती. तिने चपला काढल्या, कोपऱ्यात नीट लावल्या, पाणी प्यायली आणि जेवणाच्या टेबलाशी बसली. टेबलावर एकवीस खोकी रचून ठेवलेली होती. ती लपवायला मला सुचलंच नव्हतं. तिने एक उघडलं, कुंची बाहेर काढली, लाल पट्टीवरून बोट फिरवलं आणि पुन्हा घडी घालून ठेवली.

मी म्हटलं, आत्ता काढून टाकते सगळं. पोस्ट काढते, पेज बंद करते, हे दुपट्यांचं खूळ नको आणि काही नको. मोबाइल हातात घेतलाही. तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"काढू नकोस आई. सकाळी आनंदाची बातमी दिसली आणि संध्याकाळी नाहीशी झाली, तर त्यांना काय वाटेल? परत गेलं, असंच ना?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. उद्यापासून तेच लोक पुन्हा हळू आवाजात फोन करणार, पुन्हा कुणीतरी शहाळं घेऊन भेटायला येणार, आणि जे घडलंच नाही त्याचं सांत्वन माझ्या मुलीला दुसऱ्यांदा घ्यावं लागणार. हिशेब बघणारी पोर आहे ती. चुकीची नोंद खोडायची नसते, तिच्यापुढे बरोबर नोंद करायची असते, असं ती म्हणाली आणि माझा मोबाइल स्वतःकडे ओढला.

विहीणबाईंना फोन लावून स्पीकरवर ठेवला. आधी त्यांना स्टेटस काढायला लावलं, ते तसंही एका दिवसात आपोआप जातं. मग तिने त्यांना ते आमंत्रण कुठे आहे ते एकेक बटण सांगून सापडवून दिलं, अजिबात न चिडता, आणि एकदाचं दोघींचं नाव त्या पोस्टवर लागलं. त्यानंतर तिने माझी कॅप्शन वाचली. अत्यंत आनंदाने कळवतो की, हे तिने मोठ्याने वाचलं आणि तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मला म्हणाली, आई, ही माझ्या लग्नाची पत्रिका आहे. मी सगळा मानपानाचा घोळ सांगितला, पेजचं नाव पुढे, मागे वगैरे. तिकडून विहीणबाई म्हणाल्या, आम्हाला कुठे काय वाटतंय, मला तर ते मागेपुढे दिसलंसुद्धा नाही. म्हणजे सगळं महाभारत माझ्या एकटीच्या डोक्यात झालं होतं.

मुलीने पहिल्या ओळीच्या जागी लिहिलं, विक्रीसाठी: घरी केलेले बाळंतविडे, फक्त एकवीस संच. बस. आनंद नाही, मानाच्या नाही, काही नाही. त्याखाली, दुपटं, झबलं आणि कुंची यांनी शिवली, आणि पुढे विहीणबाईंचं पेज. डिंकाचे लाडू आणि बाळंतशोप यांनी केली, आणि पुढे माझं पेज. जिने जे केलं ते तिच्या नावावर. यात कोण वर आणि कोण खाली? मला ही वाटणी लगेच पटली.

मग कुठे मिळेल ते. मी लिहिलं होतं की ऑर्डर दोघींपैकी कुणाकडेही द्या. तिने विचारलं, सटाण्याला मम्मींनी शेवटचा संच दिला आणि त्याच वेळी तू इथे तोच विकलास तर? सासूला ती मम्मी म्हणते. मी म्हटलं, होईल काहीतरी. ती म्हणाली, काहीतरी होत नसतं. म्हणून ऑर्डर फक्त माझ्या पेजवर मेसेज करून, म्हणजे मोजणी एकाच जागी राहील. घ्यायला मात्र दोन जागा. नाशिकच्या लोकांनी इंदिरानगरहून, सटाणा, बागलाणच्या लोकांनी विहीणबाईंच्या घरून, बाकीच्यांना कुरिअर. पत्ता पेजवर उघडा टाकायचा नाही, ऑर्डर पक्की झाली की मेसेजमध्ये द्यायचा. संच संपले की याच पोस्टवर लिहायचं.

विहीणबाई म्हणाल्या, त्यात असंही घाल ना पोरी की आमच्या घरी तसं काही नाही, लोकांचा गैरसमज झाला. मी पण लगेच हो म्हटलं. मुलगी म्हणाली, नको, माझ्याबद्दल त्यात काहीच नको, विक्रीसाठी एवढं वाचून कळेल ज्याला कळायचं त्याला. तिने माझी ती धन्यवादाची उत्तरं एक एक करून काढली आणि प्रत्येक अभिनंदनाखाली लिहिलं, हे संच विक्रीसाठी आहेत, माहिती वर दिली आहे. तेच वाक्य, पुन्हा पुन्हा. घरच्या ग्रुपवरही तेच टाकलं आणि आत्याबाईंना आपल्या मोबाइलवरून फोन करून तेच सांगितलं. तिचा आवाज स्थिर होता. मी दोडक्याच्या शिरा काढत बसले होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, कांदा तरी चिरायला घ्यायला हवा होता.

मला वाटलं संपलं. तेवढ्यात तिने माझ्यापुढची बरणी ओढली, डिंकाचा एक लाडू काढला आणि खायला लागली. पूर्ण खाल्ला, बोटांना लागलेला चुरासुद्धा. आणि मग स्पीकरवर सासू ऐकतेय हे माहीत असूनच बोलली असावी.

"मी मागच्या खोलीत होते ना गं, तेव्हा तू लाडू करायचीस. दार लोटून घ्यायचीस, मला वास येऊ नये म्हणून. वास यायचा. मला इतकी भूक लागायची आई. पण ते बाळंतिणीचे होते, मी कसे मागणार?"

त्या दिवसांत मी तिला मुगाची खिचडी देत होते, ताक देत होते, आजारी माणसाला देतात तसं सगळं. तिची कंबर दुखत होती, अंगात त्राण नव्हतं, तिला ताप आलेल्या माणसासारखं जपत होते. बाळंतिणीला जे लागतं तेच तिच्या शरीराला हवं होतं, हे दार लोटताना मला दिसलं नव्हतं. कारण पाळणा नव्हता. आपल्याकडे लाडू पाळण्यासोबत येतात. विहीणबाई फोनवर आहेत की गेल्या ते कळेना. मी उठले आणि मुलीला पोटाशी धरलं. ती खुर्चीत बसलेली आणि मी उभी, त्यामुळे तिचं डोकं बरोबर माझ्या पोटावर आलं.

थोड्या वेळाने ती बाजूला झाली, नाक पुसलं आणि पुन्हा मोबाइल घेतला. कॅप्शनच्या शेवटी तिने अजून एक ओळ घातली. मला वाचून दाखवली नाही, नुसता पडदा समोर धरला.

"ज्यांना दुपटं नको, फक्त लाडू हवे आहेत, त्यांनी मेसेजमध्ये 'लाडू' एवढंच लिहावं. कारण विचारलं जाणार नाही."

मी विचारलं, लोकांना कळेल का? ती म्हणाली, जिला कळायचंय तिला कळेल. फोनमधून विहीणबाईंचा आवाज आला, राहू दे ती ओळ. म्हणजे त्या तिथेच होत्या.

संच भराभर गेले. विक्रीसाठी हा शब्द वर आला आणि लोकांना किंमत विचारायची बुद्धी झाली. ज्यांनी गोड बातमी म्हणून लिहिलं होतं त्यांतल्या दोघीतिघींनी चक्क ऑर्डर दिल्या, न लाजता. ती पुण्याची रडकुंडीला आलेली बाई, तिला पहिला संच मिळाला. सटाण्याला विहीणबाईंच्या ओसरीवर कांद्याच्या पिशव्यांशेजारी बाळंतविड्यांची खोकी रचलेली होती. गिऱ्हाईक आलं की त्यांचे यजमान आधी विचारायचे, कांदा की कुंची?

आणि मेसेजही आले. वाटलं होतं त्यापेक्षा जास्त. नुसता एक शब्द, लाडू. कुणी पुढे पत्ता दिला, कुणी विचारलं घ्यायला कधी येऊ. आमच्याच कॉलनीतली एक शिक्षिका घ्यायला आली, जिला मी रोज सकाळी फिरताना हात करते. आम्ही थंडीबद्दल बोललो. या डब्यांचं पॅकिंग मुलीने स्वतःकडे घेतलं. शनिवारी येते, तूप लागलेली बोटं पुसत डबे भरते आणि लेबलवर बाळंतिणीसाठी हा शब्द असतो त्याऐवजी तिने वेगळं लेबल केलं आहे. त्यावर फक्त डिंकाचे लाडू आणि परवान्याचा नंबर.

एका शनिवारी ती डबे भरत होती आणि मी मेसेज बघत होते. नवा मेसेज होता, विहीणबाईंच्या पेजवरून. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या ॲपवर कुणाला मेसेज केला होता, आणि त्यात लिहिलं होतं, लाडू.

मला हसू आलं. रोज फोनवर बोलतो आम्ही, मेलं हे मेसेजचं कसलं खूळ. म्हटलं आता चांगली फिरकी घेते, विहीणबाई, या वयात कशाला हवेत डिंकाचे लाडू? फोन कानाला लावलाही होता. आणि मला लग्न ठरवायच्या बैठकीतलं त्यांचं एक वाक्य आठवलं. त्यांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, तेव्हा कुठे हा एकुलता एक मुलगा झाला. मधल्या वर्षांबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या आणि मीही काही विचारलं नव्हतं. घंटी वाजायच्या आत मी फोन कट केला.

मोबाइल तसाच मुलीसमोर धरला. तिने वाचलं. तिनेही काही विचारलं नाही. बरणीतले मोठे मोठे लाडू निवडून तिने डबा भरला, वर कागद घातला, झाकण लावलं आणि लेबल चिकटवलं. मग म्हणाली, हा कुरिअरने नको, मीच नेऊन देते मम्मींना. आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती सटाण्याला गेली.